आकसण्याचा दोष नेमका कुणाचा?

‘कवळीचं हीट क्युअर रेझिन, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं, कोल्ड क्युअरपेक्षा कमी आकसतं, म्हणून त्याचा बेस जास्त चपखल बसतो ना?’

नाही, उलट आहे. पावडर-लिक्विडचं प्रमाण सारखं असेल, तर पॉलिमरायझेशनमुळे, म्हणजे रेणू जोडले जाऊन रेझिन कडक होताना, होणारं आकसणं हीट क्युअर आणि खोलीच्या तापमानाला कडक होणारं कोल्ड क्युअर या दोन्हींत जवळपास सारखंच, 3:1 ला आकारमानात सुमारे 7 टक्के. फरक पडतो तो थंड होताना. हीट क्युअर रेझिन साधारण 75 अंशांखाली कडक होतं आणि तिथून 20 अंशांपर्यंत येताना लांबीत सुमारे 0.45 टक्के आकसतं. म्हणजे वरच्या कवळीच्या 50 मिलिमीटर रुंद बेसमध्ये जवळपास पाव मिलिमीटर. कास्टवर, म्हणजे तोंडाच्या प्लास्टर प्रतिकृतीवर, बसवून मागच्या कडेला पाहा, टाळूच्या मध्यावर फट दिसते. कोल्ड क्युअर तेवढं तापतच नाही, म्हणून सुरुवातीला तेच जास्त नेमकं बसतं.

मग हीट क्युअर का वापरायचं? मोनोमर, म्हणजे न जोडलं गेलेलं लिक्विड, त्यात कमी उरतो म्हणून. नीट क्युअर केलेल्या हीट क्युअरमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, कोल्ड क्युअरमध्ये 3 ते 5 टक्के. तो प्लास्टिसायझरसारखं काम करतो, म्हणजे रेझिन मऊ करतो, बेस कमकुवत होतो आणि म्युकोसा, म्हणजे तोंडातलं नाजूक अस्तरही चिडू शकतं.

सच्छिद्रतेबाबतही हीट क्युअर निर्दोष नाही. मोनोमर 100.8 अंशांना उकळतो. फ्लास्क, म्हणजे रेझिन भरलेला साचा, थेट उकळत्या पाण्यात टाकला, तर जाड भागात आतली उष्णता साचून बुडबुडे होतात, पातळ भाग मात्र स्वच्छ निघतो. म्हणून आधी 74 अंशांवर 2 तास, मग 100 वर 1 तास. शेवटचा तास घाईत गाळलात, तर मोनोमर इथेही उरतो. कोल्ड क्युअरमधली बारीक छिद्रं बहुतेक मोनोमरमध्ये विरघळलेल्या हवेची असतात.