दहा हजारांवर रोखीत दिलेला खर्च: केळी-कापूस व्यापाऱ्याने काय सांभाळायचं?

सप्टेंबर उजाडला की रावेर-यावलकडचे व्यापारी वह्यांचं गाठोडं घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, पैसे तर खरंच दिले, मग खर्च का कापता?" खर्च खरा आहे की खोटा, हा इथे मुद्दाच नाही. पैसे कसे दिले, एवढंच आयकर कायद्याचं कलम ४०ए(३) बघतं.

नियम असा. एका माणसाला एका दिवसात व्यवसायाच्या खर्चापोटी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर त्या खर्चाची वजावट मिळत नाही. वरचे चार पैसे नाही, पूर्ण रक्कम नामंजूर होते. बरोबर १०,००० दिले तर चालतं. २०१७-१८ च्या आधी ही मर्यादा २०,००० होती. काही जुने मुनीम अजून तोच आकडा धरून बसतात. मालवाहू गाडीच्या भाड्यासाठी मात्र मर्यादा ३५,००० आहे. खात्यात जमा होणारा अकाउंट पेयी चेक किंवा ड्राफ्ट, आरटीजीएस, एनईएफटी, आयएमपीएस, यूपीआय, कार्ड हे सगळं चालतं. नुसत्या दोन रेघा मारलेला चेक आणि बेअरर चेक चालत नाही, ते रोखीतच धरतात.

हे कोणाला लागू? जो हिशोबाच्या वह्यांवरून नफा काढतो त्या प्रत्येकाला. कलम ४४एडीखाली अंदाजे नफा दाखवणाऱ्या लहान दुकानदाराला ही भानगड नाही. पण आडत्याला ४४एडी घेताच येत नाही, कारण दलालीच्या उत्पन्नाला ते लागू नाही. त्यामुळे बाजार समितीतला आडत्या लहान असला तरी त्याचा खर्च या चाळणीतून जातोच.

आता आपल्या भागाच्या कामाची सवलत. नियम ६डीडीप्रमाणे शेतमाल आणि फळबागेचा माल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला, तर १०,००० ची मर्यादा लागत नाही. केळी, कापूस, मिरची सगळं यात येतं. आयकर विभागाने २०१७ च्या परिपत्रक २७ मध्ये स्पष्ट केलं आहे की शेतकऱ्याने व्यापाऱ्याला केलेली २ लाखांच्या आतली रोख विक्री असेल, तर ४०ए(३) लागत नाही आणि शेतकऱ्याला पॅनही मागायचा नाही. २ लाख किंवा त्यावर गेलात तर दुसरं कलम येतं, २६९एसटी. त्याचा दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे शेतकऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका. व्यापाऱ्याने हे शेतकऱ्याला सांगायला हवं. सांगतात कमी.

एक दिवस उलगडून बघू. हिशोब समजावा म्हणून मांडलेलं हे उदाहरण आहे. केळीच्या भागीदारी फर्मने एका शेतकऱ्याची १२० क्विंटल केळी १,४०० च्या भावाने कापली आणि बांधावरच १,६८,००० रोख दिले. कापणीच्या टोळीच्या मुकादमाला १३,५०० रोख. ट्रकवाल्याला ३०,००० रोख. कागद-पुठ्ठ्याच्या दुकानातून सकाळी ६,००० चा आणि संध्याकाळी ५,५०० चा माल, दोन वेगळी बिलं, दोन्ही रोख. गाडी भरेना म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याने आधीच विकत घेतलेल्या बागेतली ६०,००० ची केळी घेतली, तीही रोख.

शेतकऱ्याचे १,६८,००० सुटले. ट्रकचे ३०,००० सुटले. दुकानदाराचे मात्र अडकले: बिलं दोन असली तरी माणूस एक, दिवस एक, बेरीज ११,५००. दुसऱ्या व्यापाऱ्याचे ६०,००० गेले, कारण केळी झाडावर असली तरी ती पिकवणारा तो नव्हे. उभी बाग घेऊन विकणारा हा व्यापारीच. मुकादमाचे १३,५०० गेले, कारण व्हाउचर त्याच्या एकट्याच्या नावाचं होतं. टोळीत १५ जण होते आणि फर्मने प्रत्येकाला ९०० स्वतः दिले असते, हजेरीपत्रकावर १५ सह्या-अंगठे असते, तर ते सुटले असते. आता सप्टेंबरात बसून १५ अंगठे उमटवायचे, असं मात्र कोणी करू नये. एकाच शाईच्या पॅडवरचे, एका रांगेत बसवलेले अंगठे लगेच ओळखू येतात.

तीन रकमा मिळून ८५,००० नामंजूर. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एका दिवसाच्या आळसाचे २६,५२० रुपये.

कागदपत्रांचं म्हणाल, तर सवलत तुम्ही मागितलीय म्हणजे समोरचा पिकवणाराच आहे हे दाखवणं तुमच्यावर आहे. शेतकऱ्याचा सातबारा, त्यावरची पिकाची नोंद, काटापावती आणि सही-अंगठ्याचं पेमेंट व्हाउचर हे चार कागद एकत्र टाचून ठेवा. सातबाऱ्यावर केळीऐवजी गहू असेल तर प्रश्न येणारच, म्हणून पीकपाहणीची नोंद घेतानाच बघा. बटाईने कसणाऱ्याचा माल असेल तर जमीन दुसऱ्याच्या नावावर असते, तेव्हा त्याच्याशी झालेल्या कराराची प्रत लागते. व्हाउचरवर "केळी खरेदी, रोख" एवढंच लिहून भागत नाही. गाव, गट क्रमांक, वजन, भाव, तारीख लिहा.

यासाठी वेगळा अर्ज नाही. ऑडिट असेल तर सीए फॉर्म ३सीडीच्या खंड २१(डी) मध्ये या रकमा नोंदवतो, आणि विवरणपत्रात (फर्मसाठी आयटीआर-५) त्या नफ्यात परत मिळवायच्या असतात. साधारणपणे ऑडिट अहवालाची मुदत ३० सप्टेंबर, विवरणपत्राची ३१ ऑक्टोबर. ऑडिटसाठीची १० कोटींच्या उलाढालीची मर्यादा शेतमालाच्या व्यापाऱ्याने गृहीत धरू नये. ती रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असणाऱ्यांसाठी आहे. शेतकऱ्याला रोख देणं ४०ए(३) मध्ये माफ असलं तरी ही टक्केवारी त्यानेच ओलांडली जाते, आणि मग मर्यादा १ कोटीवर येते.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. तिथे कलमाचा क्रमांक बदलला, १०,००० ची मर्यादा तीच राहिली.

शेवटी उधारीचं. मार्चमध्ये खताच्या दुकानाचं ६०,००० चं बिल खर्चात टाकलं, वजावट मिळाली, आणि मेमध्ये दुकानदाराला २५,००० रोख दिले. हे २५,००० पैसे दिले त्या वर्षाचं उत्पन्न धरलं जातं, कलम ४०ए(३ए). मार्चचा हिशोब बंद झाला म्हणून मेमधली रोख वही कोणी चाळत नाही, आणि ही रक्कम नोटीस आल्यावरच सापडते.