जोत्याभोवतीचा कोबा आणि गटार

घराच्या जोत्याला लागून चारही बाजूंनी केलेली काँक्रीटची किंवा फरशीची उतरती पट्टी आणि तिच्या बाहेरच्या कडेने जाणारे गटार. बांधकामावर या पट्टीला ‘प्लिंथ प्रोटेक्शन’ म्हणतात. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू न देता दूर नेण्यासाठी ती करतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीवर तिची खरी गरज कळते. ही माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराखालची मधली माती झाकलेली असल्याने तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि सुकते. त्यामुळे घराचा मध्य जागेवर राहतो आणि कोपरे वर-खाली होतात. पट्टीमुळे हा बदल भिंतीपासून दूर सरकतो. ती पावसाळ्यात पाणी अडवते, तशी उन्हाळ्यात ओल टिकवते, हे अनेकदा ध्यानात घेतले जात नाही.

दहा मीटर लांबीच्या भिंतीकडे ४० चौरस मीटर छप्पर उतरत असेल, तर २५ मिलिमीटर पावसात त्या एका बाजूला हजार लिटर पाणी पडते, म्हणजे भिंतीच्या दर मीटरला शंभर लिटर. तिथे ९० सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस तीन सेंटिमीटर उतार द्यावा. पट्टी पागोळ्यांच्या रेषेपलीकडे गेलीच पाहिजे. नाहीतर पाणी तिच्या कडेला पडून खालची माती पोखरते. गटाराला दहा मीटरमध्ये सुमारे दहा सेंटिमीटर उतार पुरतो. काळ्या जमिनीत गटाराला अस्तर हवेच. पाझरते गटार पायालाच पाणी पाजते.

बहुतेक पट्ट्या बिघडतात त्या भरावामुळे. पायाच्या चरात माती नुसती लोटून वर काँक्रीट ओतले, की एक-दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि उतार उलटून भिंतीकडे होतो. म्हणून भराव थराथराने, किंचित ओला करून, धुम्मसाने ठोकावा आणि वर मुरूम दाबून घ्यावा. पट्टी भिंतीत गुंतवू नये. मधे बोटभर सांधा सोडून तो डांबराने भरावा, म्हणजे पट्टी हलली तरी भिंतीला ओढ बसत नाही. हा सांधा उघडा पडला, तर सगळे पाणी तिथूनच आत जाते. भिंतीलगत बादलीभर पाणी ओतून पाहावे: ते थबकले किंवा सांध्यात शिरले, तर दुरुस्ती हवी.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग वरच्या बाजूला रुंद असेल, तर घराचा तो कोपरा खचत असण्याची शक्यता असते. हीच भेग उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल, तर मातीच्या हालचालीचा संशय बळावतो. अशा वेळी आधी पाण्याची वाट सुधारावी, एक पूर्ण वर्ष भेगेवर खूण करून पाहावे आणि मगच गिलावा करावा. खालून केशाकर्षणाने चढणारी ओल मात्र या पट्टीने थांबत नाही. तिच्यासाठी जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर लागतो.