क्वार्ट्झ उभा दाबला तर वीज का येत नाही?

'क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज तयार होते' हे वाक्य बारावीपर्यंत तुमच्या कानावरून गेलेलं असतं. पुण्यात स्फटिकाच्या माळा आणि टोकदार 'एनर्जी पॉइंट' विकणारेही हल्ली तेच वाक्य सांगतात आणि वर 'हे विज्ञानानंच सिद्ध केलंय' अशी पुस्ती जोडतात. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांशी थोडा वेळ बोलायला मला बोलावलं, तेव्हा मी याच वाक्यापासून सुरुवात केली. ते वाक्य अर्धवट आहे, आणि त्याचा राहिलेला अर्धा भाग कळला की स्फटिकाची सममिती त्याच्या गुणधर्मांवर कशी हुकूमत गाजवते तेही कळतं.

त्या दिवशी टेबलावर बोटभर लांबीचा, सहा बाजूंचा, वर टोक असलेला क्वार्ट्झचा एक स्फटिक ठेवला होता. असा स्फटिक हातात दिला की माणूस तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात उभा धरून टोकाकडून तळाकडे दाबतो. तसा कितीही जोर लावा, तळावर किंवा टोकावर विद्युतप्रभार येणार नाही. 'फार थोडा येतो, म्हणून दिसत नाही' असं इथे नाही. निर्दोष स्फटिकात तो शून्यच असतो. तोच स्फटिक ठरावीक दिशेनं आडवा दाबला तर मात्र प्रभार येतो.

हे समजायला आधी स्वयंपाकघरातलं मीठ घेऊ. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनचे आयन एकाआड एक बसलेले असतात. मनानं एका सोडियम आयनावर उभे राहा आणि कोणत्याही दिशेला बघा. जितक्या अंतरावर जो आयन दिसेल, बरोबर पाठीमागे तितक्याच अंतरावर तसाच आयन असतो. अशा बिंदूला सममिती केंद्र म्हणतात. त्या केंद्रातून सगळा स्फटिक आरपार उलटवला, म्हणजे प्रत्येक आयन समोरच्या जागी नेला, तरी काही बदलल्याचं ओळखता येणार नाही.

आता हा स्फटिक वरून आणि खालून सारख्या जोरानं दाबा. समजा, दाबल्यामुळे वरच्या पृष्ठावर धन आणि खालच्या पृष्ठावर ऋण प्रभार आला. मग अख्खा प्रसंग केंद्रातून उलटवून बघा. स्फटिक होता तसाच राहिला. वरचा दाब खाली गेला आणि खालचा वर आला, म्हणजे दाबही होता तसाच राहिला. प्रभार मात्र उलटला, आता वर ऋण आणि खाली धन. तोच स्फटिक, तोच दाब, आणि उत्तरं दोन परस्परविरुद्ध. हे शक्य नाही. दोन्ही उत्तरं एकच असायची तर प्रभार शून्यच हवा. मिठातल्या बंधांची ताकद, आयनांचा आकार, यातलं काहीही आपण वापरलेलं नाही. स्फटिकाची जी सममिती आहे ती त्याच्या प्रत्येक भौतिक गुणधर्मात दिसलीच पाहिजे, हा नियम फ्रान्ट्स नॉयमन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जातो.

म्हणून दाबविद्युत, म्हणजेच पिझोइलेक्ट्रिक, स्फटिक शोधायचा असेल तर पहिली अट अशी की त्याला सममिती केंद्र नको. १८८० साली पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी हा परिणाम शोधला, तेव्हा ते दिसेल तो दगड दाबून बघत नव्हते. कोणत्या स्फटिकांत आणि कोणत्या दिशांना प्रभार येऊ शकेल याचा अंदाज त्यांनी सममितीवरून आधीच बांधला होता. पिअर तेव्हा २१ वर्षांचा होता.

पुन्हा टेबलावरच्या स्फटिकाकडे येऊ. बाजू सहा आहेत म्हणून तो ६० अंशांत फिरवला तर जसाच्या तसा दिसेल असं वाटतं. पण वरून टोकाकडे नीट पाहा. टोकाशी मिळणाऱ्या सहा तिरप्या पृष्ठांपैकी बऱ्याचदा एक मोठं, एक लहान, पुन्हा एक मोठं असा क्रम दिसतो. म्हणजे स्फटिक स्वतःशी जुळायला १२० अंश फिरवावा लागतो. लांबीच्या दिशेनं जाणारा हा तिहेरी अक्ष. त्याला काटकोनात तीन दुहेरी अक्ष आहेत, त्यांच्याभोवती स्फटिक अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवला की तो जुळतो. सममिती केंद्र नाही, आरसाप्रतलही नाही. क्वार्ट्झची सगळी सममिती एवढीच.

आता उभा दाबा. प्रभारांचं जे विस्थापन होईल त्याला एक दिशा असणार, तिला बाण समजू. दाब लांबीच्या दिशेनं आहे, त्यामुळे स्फटिक १२० अंशांत फिरवला तरी दाब आणि स्फटिक दोन्ही तेच राहतात. म्हणून बाणही तोच राहायला हवा. बाण जरासा जरी तिरपा असेल तर फिरवल्यावर तो दुसरीकडे वळेल, म्हणून तो लांबीच्या दिशेतच हवा. मग एखाद्या दुहेरी अक्षाभोवती अर्धा फेरा द्या. टोक खाली आलं, तरी आतली मांडणी तीच आणि दाबही तोच, पण वर रोखलेला बाण खाली रोखला गेला. म्हणजे मिठासारखाच पेच. बाण शून्य.

आणि दुहेरी अक्षाच्या दिशेनंच दाबलं तर? आडव्या दाबामुळे तिहेरी सममिती आपण स्वतःच मोडली, ती आता बंधन घालू शकत नाही. उरला तो एक दुहेरी अक्ष, आणि त्याच्याच दिशेतला बाण त्याच्याभोवती फिरवून उलटत नाही. वाट मोकळी झाली आणि प्रभार येतो. या दिशेला क्वार्ट्झचा एक्स-अक्ष म्हणतात. वहीत षटकोन काढून हे एकदा स्वतः करून बघा, ऐकून जेवढं पटतं त्याहून जास्त पटेल.

किती प्रभार? एक्स-अक्षाच्या दिशेला एक न्यूटन बलामागे सुमारे २.३ पिकोकूलोम. पिकोकूलोम म्हणजे कूलोमचा एक लाख कोटीवा भाग. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि एक मिलिमीटर जाडीची, एक्स-अक्षाला काटकोनात कापलेली चकती घ्या आणि तिच्यावर एक किलोचं वजन ठेवा. बल जवळपास १० न्यूटन, प्रभार २३ पिकोकूलोम. अशा चकतीची धारिता साधारण ४ पिकोफॅरड, म्हणजे विभवांतर सहा व्होल्टच्या जरा खाली. आकडा ऐकून मुलं लगेच मल्टिमीटर लावायला निघतात आणि त्यांना शून्य दिसतं. मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून हा इवलासा प्रभार ४० मायक्रोसेकंदांत बहुतेक गळून जातो. मीटरभर कोअॅक्सियल केबल लावली तर तिची स्वतःचीच धारिता १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, प्रभार तिच्यात वाटला जाऊन विभवांतर ०.२ व्होल्टवर येतं. म्हणून प्रयोगशाळेत चार्ज अॅम्प्लिफायर वापरतात. तो विभवांतराऐवजी थेट प्रभार मोजतो, त्यामुळे केबलच्या लांबीनं फारसा फरक पडत नाही.

गळ्यातल्या माळेबद्दलही इथेच बोलायला हवं. दाब बदलला तरच नवा प्रभार येतो, दाब काढला की उलटा येतो, आणि त्यामागची सगळी ऊर्जा दाबणाऱ्या हाताची असते. स्थिर पडलेल्या क्वार्ट्झमधून काहीही बाहेर पडत नाही. माळेचा मणी तर अक्षांची दिशा न बघता गोल घासलेला असतो. त्या माळेत आजार बरा करण्याची ताकद आहे असं सांगून आजारी माणसाकडून पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि त्यासाठी क्युरी बंधूंच्या शोधाचा आधार घेणं मला फार लागतं.

सममितीच सूत्रधार आहे याचा सगळ्यात सुंदर पुरावा क्वार्ट्झ तापवल्यावर मिळतो. ५७३ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते. एकही अणू कमी-जास्त होत नाही, एकही बंध तुटत नाही, सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौफलकांची जाळी फक्त किंचित वळते. पण त्या वळण्यानं तिहेरी अक्षाचा सहाचा अक्ष होतो. सहाच्या अक्षात अर्धा फेराही येतोच, म्हणून आता लांबीच्या अक्षाभोवती १८० अंश फिरवूनही स्फटिक जुळतो. एक्स-दिशेनं दाबा. दाब या अर्ध्या फेऱ्यात बदलत नाही, पण एक्स-दिशेतला बाण उलटतो. पूर्वी मोकळी असलेली वाट बंद झाली आणि २.३चा तो आकडा थेट शून्यावर आला. तिरप्या, म्हणजे कातर प्रकारच्या, ताणाला थोडा प्रतिसाद तेवढा उरतो.

गोंधळ होतो तो थंड करताना. ५७३च्या खाली येताना जाळीला दोन्ही बाजूंना वळायची मुभा असते. स्फटिकाचा एक भाग इकडे वळतो, शेजारचा तिकडे, आणि दोघांचे एक्स-अक्ष एकमेकांविरुद्ध रोखलेले राहतात. दाबल्यावर एकाचा धन प्रभार दुसऱ्याच्या ऋण प्रभारानं खोडला जातो. याला दोफिने जुळे म्हणतात. असा तुकडा काचेसारखा स्वच्छ असतो आणि ध्रुवित प्रकाशातही दोन भाग वेगळे दिसत नाहीत. पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लानं खरवडला की दोन भाग वेगवेगळ्या कोनांत चमकतात, तेव्हा जुळे ओळखू येतं. (हे आम्ल अत्यंत घातक आहे, कॉलेजात कोणी करून बघू नये.) दुसऱ्या महायुद्धात रेडिओसाठी ब्राझीलहून आलेल्या नैसर्गिक क्वार्ट्झपैकी पुष्कळसा माल जुळ्यांमुळे बाद करावा लागे. मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झ आज मुद्दाम वाढवलेल्या स्फटिकातून कापतात.

सममिती कुठे थांबते तेही सांगायला हवं. प्रभार कुठे शून्य असलाच पाहिजे हे ती ठामपणे सांगते. जिथे वाट मोकळी आहे तिथे तो किती येईल हे मात्र अणू, त्यांच्यावरचे प्रभार आणि बंधांची लवचिकता ठरवतात. गॅसच्या लायटरमध्ये असतो त्या लेड झिर्कोनेट टायटनेट जातीच्या सिरॅमिकचा आकडा क्वार्ट्झच्या शेकडो पट असू शकतो. अपवादही आहे. स्फटिकांच्या ३२ सममिती-वर्गांपैकी २१ वर्गांना सममिती केंद्र नसतं, तरी त्यातल्या एका वर्गात बाकीची सममिती इतकी भरगच्च आहे की सगळ्या वाटा बंदच राहतात. उरतात २०.

वाघोलीच्या खाणींमुळे पुण्याचं नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अॅपोफिलाइटचे चकचकीत चौकोनी स्फटिक मिळतात आणि स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचे झुबकेही मिळतात. अॅपोफिलाइटला सममिती केंद्र आहे, त्यामुळे तो कुठूनही दाबला तरी प्रभार येणार नाही. स्कोलेसाइटच्या सममितीत फक्त एक आरसाप्रतल आहे. त्या प्रतलातला बाण कोणीच उलटवू शकत नाही, म्हणून ही सुई दाबल्यावर प्रभार देते आणि नुसती तापवल्यावरही देते. प्रतलाला काटकोनातला बाण का चालत नाही, हे मी त्या दिवशी मुलांना घरी सोडवायला दिलं होतं.