माइक दोन, ट्रॅक दोन, तरीही सरमिसळ

मुलाखतीला दोघांसमोर दोन माइक ठेवले आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केले, तरी पाहुण्याच्या ट्रॅकवर मुलाखतकार ऐकू येतोच. माइकला माणसं ओळखता येत नाहीत. हवेतून जे पोहोचतं ते तो टिपतो.

समजा, प्रत्येकाचं तोंड स्वतःच्या माइकपासून 20 सेंटिमीटरवर आणि समोरच्याच्या माइकपासून 120 सेंटिमीटरवर आहे. अंतर सहापट, म्हणून समोरच्या माइकवर आवाज साधारण एक षष्ठांश पोहोचतो, म्हणजे सुमारे 15.5 डेसिबल कमी. शिवाय जादा एक मीटर कापायला त्याला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात. दोन्ही ट्रॅक एकत्र केले, की मुलाखतकाराच्या आवाजावर त्याचीच ही उशिरा आलेली, फिकी प्रत बसते. काही स्वर त्यामुळे उठतात, काही दबतात आणि आवाज किंचित पोकळ लागतो.

साधा उपाय म्हणजे जो गप्प आहे त्याचा ट्रॅक तेवढ्यापुरता बंद करायचा. बऱ्याच मुलाखतींना तेवढं पुरतं. खरी पंचाईत होते ती दोघं एकदम बोलतात तेव्हा, आणि मुलाखत रंगात आली की नेमकं तेच होतं.

अशा वेळी वजाबाकी कामाला येते. मुलाखतकाराचा आवाज त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवर स्वच्छ आहेच. तो 3 मिलिसेकंद मागे सरकवायचा, एक षष्ठांश करायचा आणि पाहुण्याच्या ट्रॅकमधून वजा करायचा. पण आवाज काही सरळ एकाच वाटेनं येत नाही. टेबलावर, भिंतींवर, छतावर आपटून त्याच्या असंख्य प्रती येतात. प्रत्येकीचा उशीर वेगळा, जोरही वेगळा. हा सगळा हिशेब एका फिल्टरमध्ये मांडावा लागतो. खोलीचा घुमारा 0.3 सेकंद टिकत असेल आणि रेकॉर्डिंग सेकंदाला 48,000 नमुन्यांचं असेल, तर त्या फिल्टरमध्ये 14,400 आकडे लागतात.

हे आकडे शोधायचे कुठून? मुलाखतकार एकटाच प्रश्न विचारत असतो तिथून. तेव्हा पाहुण्याच्या ट्रॅकवर जे काही आहे ते जवळजवळ सगळं गळून आलेलं असतं. वजाबाकीनंतरची बाकी कमीत कमी होईपर्यंत संगणक आकडे थोडेथोडे बदलत राहतो. पाहुणा बोलू लागला की मात्र शिकणं ताबडतोब थांबवायचं आणि सापडलेला फिल्टर तसाच वापरायचा. नाही थांबवलं, तर घात होतो: पाहुण्याचा आवाजही मुलाखतकाराच्या माइकमध्ये गळतोय, आणि संगणकाला फक्त बाकी कमी करणं ठाऊक आहे, त्यामुळे तो पाहुण्याचाच आवाज कुरतडू लागतो.

दुसरी अडचण म्हणजे माणसं स्थिर बसत नाहीत. मुलाखतकार जरा पुढे झुकला आणि वाट 2 सेंटिमीटरनं बदलली, असं धरू. 200 हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची तरंगलांबी 170 सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तिथे जुना फिल्टर अजूनही गळती 22 डेसिबलनं कमी करतो. 4,000 हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. तिथे त्याच 2 सेंटिमीटरमुळे वजाबाकी इतकी चुकते, की गळती कमी होण्याऐवजी दोन-अडीच डेसिबलनं वाढते! दोघांनी वेगवेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर कुणी न हलताही हेच होतं. दोन घड्याळांत दहा लाखांत 20 इतका फरक असला, तरी मिनिटाला 1.2 मिलिसेकंद सरकतात. अंतरात मोजलं तर 40 सेंटिमीटर.

म्हणून वरच्या पट्टीत वजाबाकीचा हट्ट सोडलेला बरा. तिथे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे आणि थोड्याथोड्या हर्ट्झचे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात कोणत्या माइकवर जोर जास्त आहे ते बघतात. मुलाखतकाराचा ‘स’ सुरू असताना पाहुणा ‘आ’ म्हणत असेल, तर वरचे बहुतेक चौकोन मुलाखतकाराचे आणि खालचे बहुतेक पाहुण्याचे निघतात. परक्याचे चौकोन दाबले की काम होतं. जास्त दाबले तर मात्र आवाजात पाण्याखालून आल्यासारखी किणकिण उमटते.

निकाल तपासायला साफ केलेला ट्रॅक ऐकून भागत नाही, कारण कानाला तो लगेच आवडतो. मूळ ट्रॅकमधून साफ ट्रॅक वजा करून नेमकं काय काढून टाकलं ते ऐकावं. त्यात पाहुण्याचे शब्द कळत असतील, तर फिल्टर चुकीच्या जागी शिकलाय.

आणि गळती पूर्ण पुसायची गरजही नसते. शेवटी दोन्ही ट्रॅक एकत्रच वाजणार आणि मुलाखतकाराचा मूळ आवाज उरलेल्या गळतीला झाकणार. वरच्या उदाहरणात ती आणखी 10 डेसिबलनं उतरवली, तरी एकत्र केल्यावर स्वरांत पडणारा सुमारे 3 डेसिबलचा चढउतार 1 डेसिबलच्या आत येतो, आणि मी तिथेच थांबतो.