शंभर वर्षे जगला, की शंभर वर्षे राज्य केले?

प्राचीन इजिप्तच्या सहाव्या घराण्यातला राजा पेपी दुसरा याच्याबद्दल दोन जुन्या ग्रीक नोंदी आहेत. त्या दोन्ही आपल्यापर्यंत पोचल्या मुख्यतः एकाच माणसामुळे. इ.स. 800च्या सुमारास जॉर्ज सिंकेलस नावाच्या बायझंटाइन भिक्षूने जगाचा कालक्रम लिहायला घेतला, आणि हाती लागलेल्या जुन्या राजयाद्या त्यात उतरवून घेतल्या. पहिली यादी मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताची, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. ती म्हणते, हा राजा सहाव्या वर्षी गादीवर आला आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत राज्य करत राहिला. दुसरी यादी इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावावर मोडते. तिच्यात याच राजाने ‘एक तास कमी शंभर वर्षे’ राज्य केले, असे आहे.

शंभर हा आकडा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ते आयुष्य आहे आणि दुसरीकडे कारकीर्द. कुणीतरी कुठेतरी एकाचे दुसरे केले. मॅनेथोचे मानले तर कारकीर्द शंभरातून सहा वजा जाता 94 वर्षांची होते. शाळेच्या पुस्तकांत ‘जगातली सर्वांत दीर्घ कारकीर्द’ म्हणून छापला जाणारा आकडा तो हाच. म्हणजे 94 हे कुणी मोजलेले नाही, ती वजाबाकी आहे. आणि ज्यातून वजा करायचे तो आकडा नेमका शंभर असावा, इथेच शंका घ्यायला हवी.

आता पेपीच्या स्वतःच्या काळातल्या नोंदींकडे वळू. त्या काळी इजिप्तमध्ये आजच्यासारखा सलग चालणारा शक नव्हता. नवा राजा आला की साल पुन्हा पहिल्यापासून. शिवाय साल सरळ आकड्यात लिहीत नसत. कर बसवण्यासाठी सरकार गुरांची गणती करी, आणि सालाला त्या गणतीचे नाव मिळे: ‘दुसऱ्या गणतीचे साल’, ‘दुसऱ्या गणतीनंतरचे साल’. ही गणती साधारणपणे वर्षाआड होई. पहिली गणती राज्याच्या दुसऱ्या वर्षी धरली, तर दुसरी चौथ्या वर्षी, तिसरी सहाव्या वर्षी. गणतीच्या आकड्याची दुप्पट केली की राज्यवर्ष मिळते, आणि ‘नंतरचे साल’ असेल तर त्यात एक मिळवायचा.

पेपीच्या कारकिर्दीतली उशिराची आणि ठोस अशी जी तारीख मानतात, ती हतनुब इथल्या अलाबास्टरच्या खाणीत कोरलेली आहे: ‘31व्या गणतीनंतरचे साल’. हिशेब सरळ आहे. 31 दुणे 62, अधिक 1, म्हणजे राज्याचे 63वे वर्ष. ही खालची मर्यादा झाली. 63व्या वर्षी राजा गादीवर होता एवढेच त्यातून कळते, तो त्याच वर्षी वारला असे नाही. 33व्या गणतीचा उल्लेख काही अभ्यासक धरतात, तो मानला तर आकडा 66पर्यंत चढतो. त्यापुढे पुरावा संपतो.

पण ‘साधारणपणे वर्षाआड’ या शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे. पालेर्मो शिला नावाच्या जुन्या राजवृत्तात चौथ्या घराण्यातल्या स्नेफ्रू राजाची सातवी आणि आठवी गणती लागोपाठच्या वर्षांत नोंदली आहे. म्हणजे अधूनमधून सरकार दर वर्षीही गुरे मोजत असे. पेपीच्या काळात गणती जवळपास दर वर्षी होत असती, तर 31व्या गणतीनंतरचे साल म्हणजे जेमतेम 32-33वे वर्ष ठरले असते. एकाच खाणलेखातून 32ही निघते आणि 63ही.

हे तपासायची रीत साधी आहे. राजाच्या सगळ्या उपलब्ध तारखा गोळा करायच्या आणि ‘गणतीचे साल’ किती, ‘नंतरचे साल’ किती, ते पाहायचे. गणती काटेकोर वर्षाआड असेल तर दोन्ही प्रकार बरोबरीने सापडायला हवेत. ‘नंतरची’ साले फारच कमी दिसली, तर गणती अनेकदा लागोपाठ झाली असणार. अडचण ही की पेपीच्या तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत, आणि एवढ्या थोड्या नोंदींवरून प्रमाण काढणे धोक्याचे.

मदतीला आला एक दगड. दक्षिण सक्कारा इथे एका राणीच्या शवपेटीवर झाकण म्हणून बेसॉल्टची मोठी शिला वापरलेली होती. ती मुळात सहाव्या घराण्याचे राजवृत्त होती. झाकण करताना तिच्यावरची अक्षरे घासून काढली, तरी पुसट खुणा राहिल्याच. मिशेल बो आणि वासिल दोब्रेव्ह या दोन अभ्यासकांनी 1990च्या दशकात त्या खुणा वाचल्या. प्रत्येक सालाने दगडावर किती जागा घेतली होती, यावरूनही त्यांनी हिशेब मांडला. पेपी पहिला याच्या काळात गणती वर्षाआडच होती, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्या नातवाच्या काळात ती पद्धत अचानक बदलली असे मानायला सबळ कारण नाही, म्हणून मला 63च जवळचे वाटते.

नातू म्हटले खरे, पण त्याचीही एक गोष्ट आहे. आतापर्यंतचा हिशेब कारकिर्दीचा झाला. आयुष्य काढायचे तर गादीवर येतानाचे वय हवे, आणि ते कुठल्याही राज्यवर्षात लिहिलेले नसते. मॅनेथोचे ‘सहा’ खरे कशावरून? पेपी दुसरा हा पेपी पहिल्याचा मुलगा, असे बराच काळ समजत. पण दोघांच्या मध्ये पेपी पहिल्याचा मुलगा मेरेन्रे हा राजा होऊन गेला, आणि वर सांगितलेल्या शिलेवर त्याची तारीख ‘पाचव्या गणतीनंतरचे साल’ इथपर्यंत जाते. म्हणजे त्याचे अकरावे वर्ष. निदान दहा वर्षे पूर्ण झाली होती. पेपी पहिला वारल्यानंतर त्याचे मूल फार तर नऊ महिन्यांनी जन्माला येऊ शकते. तेव्हा पेपी दुसरा त्याचा मुलगा असेल, तर गादीवर येताना तो नऊ वर्षांपेक्षा लहान असूच शकत नाही. सहाचा आकडा तिथेच बाद होतो. पुढे राणी अंखेसेनपेपी दुसरी हिच्या पिरॅमिडच्या उत्खननात एक लेख मिळाला. त्यात ती पेपी पहिल्याची, मग मेरेन्रेचीही पत्नी आणि पेपी दुसऱ्याची आई म्हणून येते. बाप मेरेन्रे असेल तर सहा वर्षांचा राजा शक्य होतो. आधीच्या राजाची राज्यवर्षे नंतरच्याच्या वयाला अशी वेसण घालतात.

तो लहान होता याला आणखी एक दुवा आहे. अस्वानजवळ हर्खुफ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यावर राजाचे पत्र अख्खेच्या अख्खे कोरलेले आहे. हर्खुफ दक्षिणेकडच्या मोहिमेवरून एक ठेंगू नर्तक घेऊन येत होता. राजा लिहितो, ताबडतोब ये. नर्तक नावेत असताना पाण्यात पडू नये म्हणून भरवशाची माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना ठेव. रात्री दहा वेळा तपासून पाहा. सिनाई आणि पुंत या मुलुखांतून येणाऱ्या नजराण्यांपेक्षा मला तोच बघायचा आहे. पत्रावर दुसऱ्या गणतीचे साल आहे, म्हणजे राज्याचे चौथे वर्ष. गादीवर येताना सहाचा असेल तर आता नऊच्या आसपास. उतावीळपणा त्या वयाला शोभतो. तरी पत्राचा सूर हा वयाचा दाखला नव्हे; मोठे राजेही हट्टी असत.

खात्रीचे वय हवे तर राज्यवर्षांपासून स्वतंत्र असा दुसरा पुरावा लागतो. तुतनखामेनच्या बाबतीत तो मिळाला. त्याच्या थडग्यातल्या मद्याच्या रांजणांवरची साले 9-10च्या आसपास संपतात, आणि ममीच्या हाडांवरून वय 18-19 ठरते. वजाबाकी केली की तो नवव्या वर्षाच्या आगेमागे गादीवर आला हे कळते. पेपी दुसऱ्याचे शव सापडलेले नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेतले तर या मोजणीतला आणखी एक खड्डा दिसतो. शिवछत्रपतींच्या 1674 नंतरच्या पत्रांवर ‘राज्याभिषेक शके’ असते. महाराज 3 एप्रिल 1680 ला गेले तेव्हा त्याचे सहावे वर्ष चालू होते, कारण हा शक पाडव्याला न बदलता ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. फक्त तेवढ्यावर विसंबले तर सहा वर्षांची कारकीर्द निघेल. प्रत्यक्षात पन्नास वर्षांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे त्यांनी अभिषेकाआधीच राज्य चालवले होते. उलट तोच शक संभाजी महाराजांच्या आणि पुढच्या छत्रपतींच्या कागदांवर चालू राहिला. ते न ओळखणारा वाचक एकाच राजाला शंभराहून अधिक वर्षे गादीवर बसवील.

पुन्हा पेपीकडे. 94च्या बाजूने एक वजनदार साक्षीदार उरतो, तो म्हणजे तुरिनचा पपायरस. ही राजयादी मॅनेथोच्या सुमारे हजार वर्षे आधीची. तिच्यात पेपीच्या जागी नव्वद आणि वर काही अशी वर्षे आहेत. एककाचा भाग फाटून गेला आहे आणि नावही उरलेले नाही, फक्त क्रमावरून ओळखायचे. म्हणजे 90च्या घरातला आकडा मॅनेथोने आपल्या मनाने बसवलेला नव्हता. पण ही यादीसुद्धा पेपीनंतर हजारेक वर्षांनी, नकलेची नक्कल होत आलेली. तिच्या हिएरॅटिक या झरझर लिहायच्या इजिप्शियन लिपीत 60 आणि 90 यांची चिन्हे एकमेकांसारखी दिसतात, तेव्हा मूळ 64चे कुठल्याशा नकलेत 94 झाले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. पटण्याजोगे आहे, सिद्ध झालेले नाही. ते खरे असेल तर क्रम उलटा लागतो: आधी 64चे 94 झाले, मग त्यात बालराजाचे सहा मिळवून शंभर वर्षांचे आयुष्य तयार झाले, आणि शेवटी दुसऱ्या यादीत ते आयुष्य कारकीर्द म्हणून गेले.

तसे धरले तर पेपी सत्तरीच्या आसपास वारला. 94 खरे असतील तर गणती 46-47पर्यंत जायला हवी होती, आणि 34व्या गणतीपासून पुढचे एकही साल आजवर कुठल्या खाणीत, फर्मानात किंवा थडग्यात मिळालेले नाही. ‘चाळिसावी गणती’ असे स्पष्ट लिहिलेला एक दगड मिळाला, तरी हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.