स्टॉप बिटची साक्ष

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका मच्छीमार नौकेवर आम्ही जीपीएस संच लॅपटॉपला जोडला, तेव्हा पडद्यावर दर सेकंदाला निरर्थक चिन्हांची ओळ उमटू लागली. खाऱ्या हवेने वायर खाल्ली, असे तांडेलांचे मत पडले. कोकणात तो संशय रास्तच. पण प्रत्येक ओळ ` या एकाच चिन्हाने सुरू होत होती, आणि गंजलेली जोडणी इतक्या शिस्तीने चुकत नाही. अमावास्येला यंत्रे बिघडतात, असेही कोणी म्हणाले. त्याला मात्र काहीच आधार नाही.

वायरीच्या दोन्ही टोकांना बिट एकेक करून पाठवणारे आणि घेणारे युआर्ट नावाचे सर्किट असते आणि त्यांच्यामध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. मोकळी तार १ वर स्थिर असते. ती ० वर उतरली की तो स्टार्ट बिट होय. त्या क्षणापासून घेणारा युआर्ट आपल्याच घड्याळाने मोजू लागतो: अर्ध्या बिटाएवढा थांबून तार अजून ० वरच आहे याची खात्री करतो, आणि मग एकेका बिटाच्या अंतराने प्रत्येक बिटाच्या मध्यावर तार वाचतो. आठ डेटा बिट, त्यांत सर्वांत कमी किमतीचा आधी, आणि शेवटी स्टॉप बिट, जो १ असलाच पाहिजे. तेथे ० सापडला तर फ्रेमिंग एरर नोंदली जाते. स्टॉप बिटाचा मध्य सुरुवातीपासून साडेनऊ बिटांवर येतो, म्हणून दोन घड्याळांतील एकूण फरक सुमारे पाच टक्क्यांच्या आतच चालतो. पुढच्या स्टार्ट बिटाला मोजणी पुन्हा शून्यापासून होते, त्यामुळे चूक साठत जात नाही.

आमचा जीपीएस ४८०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट या दराने, बोलत होता; एक बिट सुमारे २०८ मायक्रोसेकंदांचा; लॅपटॉपवर मात्र ९६०० ठेवलेले होते. जीपीएसची ओळ `$` ने सुरू होते. त्याचे बिट पाठवण्याच्या क्रमाने असे, आणि खाली लॅपटॉपने वाचलेले:

```
4800: 0 | 0 0 1 0 0 1 0 0 | 1
9600: 0 | 0 0 0 0 0 1 1 0 | 0
```

पाठवलेला प्रत्येक बिट येथे दोनदा वाचला जातो. स्टार्ट बिटाचा दुसरा अर्धा भागच पहिला डेटा बिट ठरतो. आठ बिटांचे मिळून ` हे चिन्ह बनते; आणि स्टॉप बिटाच्या जागी `$` चा चौथा डेटा बिट येतो, जो ० आहे, म्हणून फ्रेमिंग एरर येते. ओळींमध्ये तार मोकळी असल्याने प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर असेच फसते.

दर ४८०० करताच `$GPRMC` ने सुरू होणाऱ्या ओळी आल्या. चौथा डेटा बिट १ असता, तर स्टॉप बिटाच्या जागी १ दिसून चुकीचे अक्षर बिनबोभाट स्वीकारले गेले असते. म्हणूनच या ओळींच्या शेवटी `*` नंतर ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला दोन अंकी पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, असतो; तो जुळला तेव्हाच आम्ही वायरवरचा संशय सोडला.