जुन्या केसपेपरवर थीसिस करायचाय? एथिक्स कमिटीचा अर्ज कुठे अडकतो

रुग्णालयाच्या संगणकात साठलेल्या नोंदींवर थीसिस करायचा म्हणजे रुग्णाला भेटायचं नाही, संमतीही घ्यायची नाही, तेव्हा परवानगी पटकन मिळेल असं बहुतेक रेसिडेंटना वाटतं. प्रत्यक्षात आमच्या कमिटीकडून सगळ्यात जास्त असेच अर्ज परत जातात.

पहिला घोळ तारखांचा. अर्ज ऑक्टोबरमध्ये येतो आणि अभ्यासाचा काळ लिहिलेला असतो 'जानेवारी ते डिसेंबर'. म्हणजे तीन महिन्यांच्या नोंदी अजून झालेल्याच नाहीत. तेवढ्या भागापुरता तुमचा अभ्यास पूर्वलक्षी राहत नाही आणि त्या रुग्णांची संमती का घेत नाही हा प्रश्न उभा राहतो. शेवटची तारीख अर्जाच्या आधीची ठेवा. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एकही नोंद एक्सेलमध्ये उतरवू नका, कारण झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही.

दुसरा घोळ संमतीचा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख काढलेल्या जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मिळू शकते, पण ती देणं कमिटीच्या हातात असतं. त्यामुळे सूट मागणारा अर्ज कारणासह वेगळा जोडावा लागतो. असे अभ्यास सहसा जलद पुनरावलोकनात जातात, तरी पुनरावलोकन होतंच. सिनॉप्सिस, गाइडची सही, माहिती उतरवायचा नमुना आणि वैद्यकीय अधीक्षकांचं परवानगीपत्र ही बाकीची कागदपत्रं. यातलं शेवटचं पत्र मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात. ते अगोदर मागा. एका सहीसाठी पोरांना महिनाभर खेटे घालताना पाहून जीव तुटतो.

आता खरी मेख. नमुन्यात 'मधुमेह: आहे / नाही' असा रकाना असतो आणि तो सगळ्या विभागांनी सारखाच भरला असेल असं गृहीत धरलेलं असतं. समजा, शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेच्या संसर्गाचा अभ्यास आहे आणि सर्जरी व ऑर्थो या विभागांतले 200-200 रुग्ण घेतलेत. सर्जरीत 41 'आहे', 150 'नाही' आणि 9 रकाने कोरे. ऑर्थोत 22 'आहे', 3 'नाही' आणि 175 कोरे. म्हणजे ऑर्थोचा इंटर्न रुग्णाला मधुमेह असला तरच टिक करतो, किंवा बऱ्याचदा विचारतच नाही. या दोन्हींतलं खरं काय, ते स्क्रीनवर कळत नाही. त्यासाठी एमआरडीत जाऊन कोऱ्या रकान्यांपैकी 50 केसपेपर चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि वाचायचे. त्यांतल्या 8 जणांच्या जुन्या औषधांत मेटफॉर्मिन सापडलं, तर 175 मध्ये असे साधारण 28 निघतील. नोंदवलेल्या 22 पेक्षा न नोंदवलेलेच जास्त! खरा आकडा 50 च्या आसपास, म्हणजे 25 टक्के. कोऱ्याला 'नाही' धरलं असतं, तर 11 टक्केच दिसला असता आणि ऑर्थोत मधुमेह कमी असतो असा निष्कर्ष थीसिसमध्ये गेला असता. 50 पेपरांवरचा हा अंदाज थोडा मागेपुढे होईल, पण एवढा फरक त्यात झाकला जात नाही.

यावर उपाय म्हणून एचबीए1सीचा रिपोर्ट वापरतो, असं लगेच सुचतं. पण ती तपासणी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच पाठवतात. तपासणी झालेल्यांतलं मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांना लावलं, तर आकडा फुगतो. चार्टवरचं इन्सुलिनही एकट्याने पुरावा होत नाही, कारण शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर वाढली तरी ते देतात. म्हणून दाखल होण्यापूर्वीची औषधं, लिहिलेलं निदान आणि 6.5 किंवा जास्त एचबीए1सी, यांपैकी काहीही एक असेल तर 'आहे', असा नियम आधीच लिहा आणि दोन्ही विभागांना तोच लावा. त्यानंतरही एखाद्या विभागाचे कोरे रकाने भरवशाचे नसतील, तर तो विभाग वगळा आणि वगळल्याचं लिहा.

आकडे भरलेले असले म्हणून ते मोजलेलेच असतात असंही नाही. वॉर्डभर सगळ्यांचा श्वसनदर 20 आणि रक्तदाब 120/80 दिसला, तर ते सवयीने लिहिलेले आहेत. शेवटी 0 येणाऱ्या रक्तदाबांची विभागवार टक्केवारी काढा. रकाना कोण मनापासून भरतं ते तिथेच दिसतं.

ही पडताळणी अर्जात लिहिलेली नसते, आणि तिथेच गाडी अडते. 'कोणतीही ओळख घेणार नाही' असं लिहून दिल्यावर 50 केसपेपर शोधणार कसे? त्याला आयपीडी नंबर लागतोच. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: नंबर आणि अभ्यास-क्रमांक यांची जोडयादी एमआरडीच्या कर्मचाऱ्याकडे राहील, पडताळणीसाठी अमुक इतके पेपर तिथेच बसून पाहिले जातील, काम संपल्यावर यादी नष्ट होईल. एवढ्या चार ओळी असतील तर कमिटी खळखळ करत नाही. नसतील आणि नंतर नंबर लागला, तर दुरुस्तीचा अर्ज करून पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते.